विंडोजची फाइल चालत नाही तेव्हा: क्रोमबुक आणि टॅबलेटवर व्हीपीएन

ऑफिसकडून किंवा विद्यापीठाकडून व्हीपीएन मिळतो तेव्हा सोबत बहुधा एक फाइल आणि पानभर सूचना येतात. फाइलच्या नावाचा शेवट .exe किंवा .msi असा असतो, मॅक वापरणाऱ्यांसाठी .dmg. क्रोमबुकवर ही फाइल उतरवून घेता येते, पण चालवता येत नाही. आयपॅड आणि अँड्रॉइड टॅबलेटचेही तेच. सूचनांच्या पानावर या उपकरणांचे नावही नसले, की आपल्या यंत्रावर व्हीपीएन चालतच नाही असा समज होतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. चालत नाही ती फक्त ती फाइल. सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतो ती पद्धत क्रोमबुकला आणि टॅबलेटला बऱ्याचदा आधीपासूनच येत असते.

व्हीपीएन सुरू असताना यंत्रातून बाहेर पडणारे माहितीचे प्रत्येक पॅकेट सांकेतिक केले जाते आणि दुसऱ्या पाकिटात बंद होते. बाहेरच्या पाकिटावर पत्ता फक्त व्हीपीएन सर्व्हरचा असतो. सर्व्हर ते पाकीट फोडतो आणि आतले पॅकेट त्याच्या खऱ्या पत्त्यावर पाठवतो. ही बांधाबांध करायला यंत्रात एक आभासी नेटवर्क कार्ड असावे लागते. विंडोजवरचा क्लायंट इन्स्टॉल होताना असे कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर सोबत आणतो. क्रोमबुकवर बाहेरच्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर बसवता येत नाही. त्याची मूळ प्रणाली डिस्कच्या अशा भागात असते जिथे फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, आणि दर वेळी सुरू होताना तिची अखंडता तपासली जाते. या बंदिस्तपणामुळेच क्रोमबुकला व्हायरसचा त्रास कमी होतो. आयपॅड आणि अँड्रॉइडही असेच बंदिस्त आहेत. म्हणून या प्रणालींनी व्हीपीएनसाठी स्वतःच ठरावीक वाटा ठेवल्या आहेत, आणि काम त्यांतूनच करावे लागते.

त्यामुळे व्हीपीएन देणाऱ्याला ‘क्रोमबुकसाठी क्लायंट आहे का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येते आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी ‘सर्व्हर कोणता प्रोटोकॉल वापरतो?’ असे विचारावे. उत्तर वायरगार्ड, ओपनव्हीपीएन, IKEv2 किंवा L2TP/IPsec यांपैकी असेल, तर वाट आहे. उत्तर एखाद्या कंपनीच्या खास उत्पादनाचे असेल, उदाहरणार्थ सिस्को, फोर्टिनेट किंवा पालो आल्टोचे, तर त्या कंपनीचे अँड्रॉइड आणि आयपॅड ॲप शोधावे. या तिन्ही कंपन्यांची अशी ॲप्स आहेत.

चार वाटा, पण सारख्या नाहीत

क्रोमबुकवर व्हीपीएनसाठी चार जागा दिसतात. त्यांतला फरक नीट कळला नाही, तर व्हीपीएन सुरू आहे असे वाटत राहते आणि प्रत्यक्षात अर्धी माहिती उघड्यावरून जात असते.

पहिली वाट क्रोमओएसच्या सेटिंग्जमधली आहे. सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात Add connection आणि मग Add built-in VPN निवडल्यावर एक फॉर्म उघडतो. वर सांगितलेले चारही प्रोटोकॉल तिथल्या यादीत असतात. यंत्र जुने असेल तर त्यात वायरगार्ड दिसणार नाही. दुसरी वाट म्हणजे प्ले स्टोअरमधले अँड्रॉइड ॲप. क्रोमबुकवर असे ॲप फक्त अँड्रॉइडच्या कप्प्यापुरते चालते असे अजूनही पुष्कळांना वाटते. सुरुवातीच्या काळात तसेच होते. आता अँड्रॉइड व्हीपीएन ॲप सुरू केले की क्रोम ब्राउझरची वाहतूकही त्यातूनच जाते.

तिसरी वाट फसवी आहे. क्रोमबुकवर लिनक्सचा कप्पा सुरू करता येतो आणि त्यात लिनक्सचा व्हीपीएन क्लायंट इन्स्टॉलही होतो. टर्मिनलमध्ये ‘जोडले गेले’ असा संदेशसुद्धा येतो. पण हा कप्पा क्रोमबुकच्या आत चालणारे एक वेगळे, छोटे यंत्र आहे. तिथला व्हीपीएन फक्त तिथल्याच प्रोग्रॅमना लागू होतो, शेजारी उघडलेल्या क्रोमला नाही. सगळे काम लिनक्सच्या कप्प्यातच होत असेल तर हे चालते. बाकीच्यांनी या वाटेला जाऊ नये. चौथी वाट ब्राउझरच्या एक्स्टेन्शनची. व्हीपीएन या नावाने मिळणारी बहुतेक एक्स्टेन्शन्स खरे तर प्रॉक्सी असतात. वेबपाने त्यांतून जातात, पण फाइल्स ॲप, अँड्रॉइडची ॲप्स आणि लिनक्सचा कप्पा बाहेरच राहतो. ऑफिसच्या फाइल सर्व्हरपर्यंत पोहोचायला त्यांचा काही उपयोग नाही. फुकट मिळणारे अनोळखी एक्स्टेन्शन तर टाळावेच, कारण सगळी वेबवाहतूक ते चालवणाऱ्याच्या हातात जाते.

म्हणजे खऱ्या वाटा दोनच: सेटिंग्जमधला फॉर्म आणि अँड्रॉइड ॲप. फॉर्म वापरला तर वेगळ्या ॲपवर विश्वास टाकावा लागत नाही. ॲपमध्ये सेटिंगची फाइल थेट उघडता येते आणि किती माहिती आली-गेली हे दिसते. आधी फॉर्म वापरावा आणि तो अडला तर ॲपकडे वळावे, हा क्रम सोयीचा पडतो.

एका ऑफिसचे उदाहरण

समजा, पुण्यात वास्तुरचनाकारांचे एक छोटे ऑफिस आहे. नकाशे तिथल्या फाइल सर्व्हरवर आहेत आणि त्याचा पत्ता 192.168.50.10 आहे. ऑफिसच्या राउटरचा पत्ता 192.168.50.1. कोपऱ्यात एक रास्पबेरी पाय ठेवलेला आहे, पत्ता 192.168.50.2, आणि त्यावर वायरगार्डचा सर्व्हर चालतो. राउटरला सांगून ठेवले आहे, की बाहेरून 51820 या यूडीपी पोर्टवर काही आले तर ते रास्पबेरी पायकडे द्यायचे. घरून काम करणाऱ्या एका सहकाऱ्याकडे क्रोमबुक आहे, आणि त्यावरून नकाशे उघडायचे आहेत.

वायरगार्डची निवड इथे मुद्दाम केली आहे. जेसन डोननफेल्ड यांनी लिहिलेला हा प्रोटोकॉल मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत, थेट कर्नलमध्ये दाखल झाला. त्याच्या सेटिंगमध्ये जेमतेम आठ-दहा ओळी असतात, म्हणून ती फाइल नसली तरी हाताने भरता येते. ऑफिसकडून आलेली फाइल साधारण अशी दिसते:

```
[Interface]
PrivateKey = CLIENT_PRIVATE_KEY
Address = 10.8.0.5/32
DNS = 192.168.50.1

[Peer]
PublicKey = SERVER_PUBLIC_KEY
Endpoint = office.example.com:51820
AllowedIPs = 10.8.0.0/24, 192.168.50.0/24
PersistentKeepalive = 25
```

वरचा भाग क्रोमबुकचा, खालचा सर्व्हरचा. क्रोमबुकच्या फॉर्ममध्ये ही फाइल उघडता येत नाही, एकेक ओळ तिच्या रकान्यात लिहावी लागते. Address म्हणजे बोगद्याच्या आतला क्रोमबुकचा पत्ता. तो मागचे /32 वगळून 10.8.0.5 असा भरायचा. DNS ची ओळ नेम सर्व्हरच्या रकान्यात जाते. Endpoint म्हणजे बाहेरच्या पाकिटावरचा पत्ता, आणि त्यात पोर्टचा आकडा विसरून चालत नाही.

AllowedIPs या ओळीवर सगळ्यात जास्त लक्ष द्यावे. कोणकोणत्या पत्त्यांची पॅकेट बोगद्यात घालायची ते ही ओळ ठरवते. वरच्या उदाहरणात फक्त ऑफिसच्या नेटवर्कचे पत्ते आहेत. त्यामुळे नकाशे बोगद्यातून येतात, आणि बँकेचे पान किंवा यूट्यूब घरच्या इंटरनेटवरून नेहमीसारखे चालते. ऑफिसच्या इंटरनेटवर उगाच भार पडत नाही. याच्या जागी 0.0.0.0/0, ::/0 असे लिहिले तर सगळीच वाहतूक ऑफिसमार्गे जाते. विमानतळावरच्या किंवा कॅफेतल्या अनोळखी वाय-फायवर तसे करणे योग्य, पण त्यासाठी रास्पबेरी पायनेही ती वाहतूक पुढे इंटरनेटवर सोडायला हवी. ती व्यवस्था नसेल, तर व्हीपीएन जोडताच क्रोमबुकवर एकही वेबपान उघडत नाही.

आता की. वायरगार्डमध्ये पासवर्ड नसतो. प्रत्येक उपकरणाची एक प्रायव्हेट की आणि तिच्याशी जुळणारी एक पब्लिक की असते. दोन्ही ४४ अक्षरांच्या असतात आणि शेवटी = हे चिन्ह असते. कॉपी करताना नेमके तेच राहून जाते. फॉर्म दोन पर्याय देतो: हाती असलेली की भरणे किंवा क्रोमबुककडूनच नवी जोडी तयार करवून घेणे. दुसरा पर्याय चांगला. त्यात प्रायव्हेट की क्रोमबुकबाहेर कधी जातच नाही. जोडणी साठवल्यावर तिच्या तपशिलात पब्लिक की दिसते, आणि ऑफिसला कळवायची ती तेवढीच. ती कोणाच्या नजरेस पडली तरी बिघडत नाही. याउलट तयार .conf फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवली, की प्रायव्हेट की दोन फोनमध्ये आणि कदाचित त्यांच्या बॅकअपमध्ये जाऊन बसते. ही सवय अनेक छोट्या ऑफिसांत आहे आणि ती मोडायला हवी.

कळवलेली पब्लिक की ऑफिसमधली व्यक्ती रास्पबेरी पायच्या फाइलमध्ये अशी लिहिते:

```
[Peer]
PublicKey = CHROMEBOOK_PUBLIC_KEY
AllowedIPs = 10.8.0.5/32
```

फाइल बदलली तरी वायरगार्ड पुन्हा सुरू केल्याशिवाय हा बदल लागू होत नाही. मग क्रोमबुकवर सेटिंग्जमधल्या व्हीपीएनच्या यादीतून जोडणीचे नाव निवडून कनेक्ट करायचे. वाय-फायच्या चिन्हाजवळ किल्लीचे छोटे चिन्ह दिसू लागते. त्यानंतर फाइल्स ॲपमध्ये नवी सेवा जोडण्याच्या यादीतून SMB file share निवडावे आणि \\192.168.50.10\projects असा पत्ता द्यावा. projects हे इथे शेअर केलेल्या फोल्डरचे नाव आहे. सगळे जुळले असेल तर नाव आणि पासवर्ड विचारून नकाशांचे फोल्डर उघडते.

जोडलेले दिसते, पण चालत नाही

वायरगार्डचा एक स्वभाव नवख्याला गोंधळात पाडतो. चुकीची की किंवा चुकीचा पत्ता दिला तरी तो ‘चूक’ असे सांगत नाही. अनोळखी पाकिटाला उत्तर द्यायचे नाही, असे सर्व्हरला शिकवलेले असते. पोर्ट शोधत फिरणाऱ्यांना तिथे काही आहे याचा पत्ताही लागू नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे क्रोमबुकवर जोडणी सुरू झालेली दिसते, किल्लीही दिसते, आणि पलीकडे मात्र कोणीच नसते. किल्लीचे चिन्ह पाकिटे बांधायची तयारी झाली एवढेच सांगते. ती पोहोचली, असे ते सांगत नाही.

म्हणून बिघाड शोधताना जवळून लांब असे टप्प्याटप्प्याने जावे. पहिला टप्पा बोगद्याचा. क्रोमबुकवर Ctrl+Alt+T दाबल्यावर क्रॉश नावाची काळी खिडकी उघडते. तिथे बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे रास्पबेरी पायच्या आतल्या पत्त्याला हाक मारायची:

```
ping 10.8.0.1
```

उत्तर येऊ लागले तर बोगदा शाबूत आहे. आले नाही तर त्याच वेळी ऑफिसमधल्या कोणाला तरी रास्पबेरी पायवर हे चालवून पाहायला सांगावे:

```
sudo wg show
```

यात प्रत्येक उपकरणाच्या की खाली त्याची माहिती येते. क्रोमबुकच्या की खाली latest handshake ही ओळ असेल तर दोन्ही टोकांची ओळख पटलेली आहे. ती ओळच नसेल तर एकही ओळखीचे पाकीट पोहोचलेले नाही. मग कारणे मोजकीच उरतात: पब्लिक की चुकीची किंवा अपुरी कॉपी झाली, Endpoint चुकले, राउटरमधले पोर्टचे सेटिंग चुकले, किंवा क्रोमबुक ज्या वाय-फायवर आहे तिथे यूडीपी अडवलेले आहे. शेवटचे कारण तपासायला क्रोमबुक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊन पुन्हा पाहावे. तिथे चालले तर दोष त्या वाय-फायचा. वसतिगृहे, हॉटेले आणि मोठ्या कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर असे सर्रास असते. वायरगार्ड यूडीपीशिवाय चालत नाही, त्यामुळे तिथे त्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ओपनव्हीपीएन मात्र टीसीपीच्या 443 या पोर्टवर चालवता येतो. नेहमीच्या सुरक्षित वेबपानांचा पोर्ट तोच असल्यामुळे तो सहसा बंद नसतो.

भारतात आणखी एक अडचण वारंवार येते. घरगुती आणि छोट्या ऑफिसांच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. अनेक ग्राहक मिळून एकच पत्ता वापरतात. याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट उघडून काही होत नाही, कारण बाहेरून आलेले पाकीट राउटरपर्यंत येतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा जो पत्ता दिसतो तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल तर ते सीजीनॅट. आपला पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर वेगळाच पत्ता दिसत असेल तरी बहुधा तेच. मग सेवा देणाऱ्याकडून जादा पैसे देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरावी. ती दोन्ही टोकांकडून बाहेर जाणाऱ्या जोडण्या जुळवून बोगदा उभा करते, आणि तिचे अँड्रॉइड ॲप क्रोमबुकवर चालते.

हँडशेक झालेला आहे, 10.8.0.1 उत्तर देते, पण 192.168.50.10 देत नाही, असे असेल तर क्रोमबुकमध्ये शोधत बसू नये. आधी AllowedIPs मध्ये 192.168.50.0/24 आहे ना एवढे पाहावे. ते असेल तर दोष ऑफिसच्या बाजूला आहे. रास्पबेरी पायला एका बाजूने आलेले पॅकेट दुसऱ्या बाजूला द्यायची परवानगी लागते, आणि लिनक्समध्ये ती मुळात बंद असते. net.ipv4.ip_forward चे मूल्य 1 केले की ती मिळते. तरीही एक गोष्ट उरते. फाइल सर्व्हरला 10.8.0.5 हा पत्ता कुठे राहतो ते माहीत नसते. तो उत्तर नेहमीप्रमाणे राउटरकडे देतो आणि तिथे ते हरवते. राउटरमध्ये ‘10.8.0.0/24 साठीचे सगळे 192.168.50.2 कडे द्या’ असा मार्ग नोंदवला की उत्तरे परत येऊ लागतात.

पत्त्याने फोल्डर उघडते पण नावाने नाही, असे झाले तर दोष डीएनएसचा. नेम सर्व्हरचा रकाना पाहावा, आणि क्रोमबुकच्या सुरक्षित डीएनएस या सेटिंगमध्ये बाहेरचा एखादा ठरावीक सर्व्हर निवडलेला नाही ना तेही पाहावे. ऑफिसमधली खासगी नावे बाहेरच्या सर्व्हरला माहीत नसतात.

उदाहरणातल्या ऑफिसने 192.168.50 ही मालिका घेतली, तीही उगाच नाही. बाजारातले पुष्कळ राउटर 192.168.1 किंवा 192.168.0 या मालिकेवर येतात. ऑफिसातही तीच, घरीही तीच, असे झाले तर 192.168.1.10 हा पत्ता घरातला की ऑफिसमधला हे क्रोमबुकला ठरवता येत नाही. मग ऑफिसचे फोल्डर सापडत नाही, नाहीतर घरचा प्रिंटर गायब होतो. एका घरात व्यवस्थित चालणारे सेटिंग दुसऱ्या घरात चालत नाही, याचे हे नेहमीचे कारण. ऑफिसची मालिका एकदा बदलून टाकणे हाच त्यावर पक्का उपाय.

कधी जोडणी चालते, लॉगिन होते, छोट्या फाइल उघडतात आणि मोठा नकाशा मात्र अर्ध्यात अडकतो. पाकिटावर पाकीट चढवल्याने आकार वाढतो, आणि वाटेतल्या एखाद्या जोडणीवर तेवढे मोठे पाकीट मावत नाही, म्हणून असे होते. नेहमीची १५०० बाइटची मर्यादा वायरगार्ड म्हणूनच १४२० धरतो. काही जोडण्यांवर तीही जास्त होते. रास्पबेरी पायच्या आणि उपकरणाच्या सेटिंगमध्ये MTU चा आकडा 1280 केला की अडकणे थांबते. फॉर्ममध्ये या आकड्यासाठी रकाना नसेल तर अँड्रॉइडचे वायरगार्ड ॲप वापरावे, त्यात तो असतो.

टॅबलेटवर

अँड्रॉइड टॅबलेटवर वायरगार्ड ॲप टाकले की .conf फाइल उघडता येते किंवा क्यूआर कोड वाचून सगळे रकाने आपोआप भरता येतात. आयपॅडवरही हेच ॲप आणि हीच रीत. क्यूआर कोड ऑफिसच्या लिनक्स यंत्रावर असा दाखवता येतो:

```
qrencode -t ansiutf8 < tablet.conf
```

या कोडमध्ये प्रायव्हेट कीसुद्धा असते. म्हणून तो समोरासमोर पडद्यावरून वाचावा, त्याचा फोटो काढून पाठवू नये. क्रोमबुकसाठी बनवलेलीच फाइल टॅबलेटवर घालण्याचा मोहही टाळावा. एका कीचे उपकरण सध्या कुठे आहे याची सर्व्हरकडे एकच नोंद असते, शेवटचे पाकीट जिथून आले ती. दोन उपकरणांनी एकच की वापरली की ही नोंद सारखी इकडून तिकडे बदलते, आणि दोन्हीकडची जोडणी आलटून पालटून थबकते. बिघाड मग इंटरनेटचा वाटतो. प्रत्येक उपकरणाला वेगळी की आणि वेगळा पत्ता द्यावा. टॅबलेटला, समजा, 10.8.0.6.

ऑफिस वायरगार्डऐवजी ओपनव्हीपीएन वापरत असेल तर हाती .ovpn फाइल येते. क्रोमबुकच्या फॉर्ममध्ये ओपनव्हीपीएन असला तरी ही फाइल तिथे उघडत नाही. सर्टिफिकेट वेगळी आयात करावी लागतात, आणि फाइलमध्ये tls-auth किंवा tls-crypt ची जादा की असेल तर तिला रकानाच नसतो. इथे सरळ ओपनव्हीपीएन कनेक्ट किंवा ओपनव्हीपीएन फॉर अँड्रॉइड यांपैकी एक ॲप घ्यावे. फाइल उघडली की काम झाले. आयपॅडवर ओपनव्हीपीएन कनेक्ट मिळते.

IKEv2 असेल तर बहुधा ॲपची गरज पडत नाही. आयपॅडवर सेटिंग्जमधील जनरलखाली व्हीपीएनचा विभाग आहे, अँड्रॉइडवर नेटवर्क आणि इंटरनेटखाली. जुन्या L2TP चे मात्र वेगळे आहे. अँड्रॉइड १२ सह आलेल्या नव्या उपकरणांच्या यादीत तो उरलेला नाही, तिथे फक्त IKEv2 चे प्रकार दिसतात. दहा वर्षांपूर्वीचा L2TP सर्व्हर चालवणाऱ्या ऑफिसातल्या नव्या टॅबलेटवर त्यामुळे काही केल्या जोडणी होत नाही. तिथे सर्व्हर बदलावा लागतो. अँड्रॉइडवर व्हीपीएनच्या नावाशेजारच्या चक्रात नेहमी सुरू ठेवण्याचा आणि व्हीपीएनशिवाय इंटरनेट बंद करण्याचा असे दोन पर्याय असतात. दुसरा लावला तर हॉटेलच्या वाय-फायचे लॉगिन पान उघडत नाही. तेवढ्यापुरता तो काढावा लागतो.

काही अडथळे मात्र वापरणाऱ्याच्या हातात नसतात. शाळेने किंवा कंपनीने दिलेल्या क्रोमबुकवर व्यवस्थापकाने व्हीपीएन जोडण्याची किंवा प्ले स्टोअरची मुभा काढून घेतलेली असू शकते. पर्याय करडे दिसतात आणि शेजारी एक छोटे चिन्ह असते. काही संस्थांचा सर्व्हर जोडणी देण्याआधी यंत्रात ठरावीक अँटिव्हायरस आहे का, विंडोज अद्ययावत आहे का, हे तपासतो. क्रोमबुक या तपासणीत बसतच नाही, आणि ॲप बरोबर असले तरी सर्व्हर नकार देतो. अशा वेळी ऑफिसमधल्या संगणकाचा पडदा ब्राउझरमधून वापरण्याची सोय आहे का, हे संस्थेला विचारावे.

क्रोमबुक किंवा टॅबलेट हरवला तर बदलायला पासवर्ड नसतो, म्हणून त्या उपकरणाची पब्लिक की सर्व्हरवरून काढावी लागते. रास्पबेरी पायवर वायरगार्डच्या आभासी कार्डाचे नाव बहुधा wg0 असते:

```
sudo wg set wg0 peer PUBLIC_KEY remove
```

याने जोडणी त्याच क्षणी तुटते. पण फाइलमधला त्या उपकरणाचा [Peer] हा भागही खोडावा लागतो. तो तसाच राहिला तर रास्पबेरी पाय पुढच्या वेळी सुरू होताच हरवलेल्या उपकरणाला पुन्हा आत घेतो.